गंजगोलाईतलं दुकान गूगलवर कसं आणायचं

लातूरच्या गंजगोलाईत तीस वर्षं भांडी विकणाऱ्या दुकानदाराला जुन्या गिऱ्हाइकांसाठी गूगलची गरज नाही. औसा-निलंग्याकडची माणसं लग्नाचा बस्ता आणि रुखवताची भांडी घ्यायला आली की बरोबर त्याच्याच पायरीवर येतात. पण शिकवणीसाठी लातुरात आलेल्या पोराला खोलीवर चहा करायला पातेलं हवं असतं, आणि त्याला गावात कोणीच ओळखीचं नसतं. नांदेडला सचखंड एक्स्प्रेसनं अमृतसरहून आलेल्या भाविकाचंही तसंच. हजूर साहिबचं दर्शन झालं की त्याला कडं किंवा रुमाला घ्यायचा असतो, आणि कोणाला विचारण्याआधी तो मोबाइल काढतो. गूगल मॅपवरची मोफत नोंद अशा परक्या माणसासाठी असते. ती भरताना त्याला काय हवं आहे एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतात.

आपण खाली भांड्यांचं हेच दुकान धरून चालू.

आधी शोधा, मग भरा

या नोंदीचं नाव ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’. २०१४ पासून ती ‘गूगल माय बिझनेस’ म्हणून चालायची, २०२१ मध्ये नाव बदललं. जुने व्हिडिओ बघून तिचं वेगळं ॲप शोधत बसू नका, ते बंद झालं आहे. आता सगळं गूगल सर्च आणि मॅपमधूनच किंवा business.google.com वरून होतं.

पहिलं काम म्हणजे मॅपवर आपल्याच दुकानाचं नाव टाकून बघणं. जुन्या दुकानांची नोंद पुष्कळदा आधीच तयार असते, कोण्या गिऱ्हाइकानं फोटो टाकून ती जोडलेली असते. अशा नोंदीखाली Claim this business असं दिसतं. ते दाबून तीच ताब्यात घ्यावी. ते न बघता नवी नोंद केली की एका दुकानाच्या दोन नोंदी होतात, आणि जुने रिव्ह्यू तिकडे, नवे इकडे असे विभागले जातात.

नोंद दुसऱ्याच कोणाच्या हातात असली तर मालकीची मागणी तिथूनच करता येते. सध्याच्या मालकाला उत्तर द्यायला साधारण तीन दिवस मिळतात. उत्तर आलं नाही तर पुढची वाट गूगल दाखवतं. असं बहुतेकदा एखाद्या एजन्सीमुळे होतं. पोरगा येतो, हजार-दोन हजार घेतो, स्वतःच्या ईमेलवर नोंद करून देतो आणि नंतर नंबर बदलतो. नोंद मोफतच आहे. कोणाची मदत घ्यायचीच असेल तर दुकानाच्या ईमेलवर नोंद करून घ्या आणि त्याला ‘मॅनेजर’ म्हणून जोडा, म्हणजे काम झाल्यावर काढून टाकता येतो. ‘गूगलमधून बोलतोय, लिस्टिंग बंद पडणार आहे’ म्हणत जो फोनवर कोड मागतो, त्याला कोड सांगू नका.

पाटी, पिन आणि प्रकार

नाव पाटीवर आहे तसंच लिहायचं. इथंच सगळ्यात जास्त लोक अडकतात. पाटीवर ‘जगदंबा भांडी भांडार’ असेल आणि नोंदीत ‘जगदंबा भांडी भांडार लातूर स्वस्त स्टील तांबा पितळ होलसेल’ असं लिहिलं, तर ते शब्द काही दिवस शोधात वर आणतातही. पण शेजारच्या दुकानदारानं तक्रार केली किंवा गूगलच्याच तपासणीत ते सापडलं तर नोंद निलंबित होते. मग शॉप ॲक्टची पावती, जीएसटी किंवा उद्यमचं प्रमाणपत्र, महावितरणचं बिल असे कागद जोडून अपील करावं लागतं. अर्ज टाकल्यावर कागद चढवायला तासाभराचीच मुदत असते, म्हणून फोटो आधीच मोबाइलमध्ये काढून ठेवावेत. पाटीवर एक नाव, कागदावर दुसरं आणि नोंदीत तिसरं असेल तर तिथंच घोडं पेंड खातं.

गंजगोलाईची अडचण वेगळी आहे. मधोमध जगदंबेचं मंदिर, त्याच्याभोवती गोल बाजार आणि तिथून फुटणारे सोळा रस्ते. पत्त्यात नुसतं ‘गंजगोलाई, लातूर ४१३५१२’ लिहिलं तर पिन बाजारात कुठंही, कदाचित मधोमध, पडू शकते. मग गिऱ्हाईक मंदिराला प्रदक्षिणा घालत बसतं. नोंद करताना नकाशा उपग्रहाच्या दृश्यात मोठा करावा आणि पिन ओढून आपल्या शटरवर आणावी. नंतर घरच्या कोणाला तरी नांदेड रोडवर उभं करून फक्त मॅपच्या भरवशावर दुकानापर्यंत यायला सांगावं. तो चुकला तर पिन चुकली आहे.

प्रकार म्हणजे कॅटेगरी. मुख्य प्रकार एकच असतो, त्याखाली आणखी नऊ जोडता येतात. पण दहाच्या दहा भरल्यानं काही साधत नाही. भांड्यांच्या दुकानाला Kitchen supply store हा मुख्य प्रकार ठीक, नांदेडच्या गुरुद्वारा परिसरातल्या दुकानाला Religious goods store. शोधात कोण वर येतं हे गूगलच्या सांगण्यानुसार तीन गोष्टींवर ठरतं: शोधलेल्या गोष्टीशी तुमचं दुकान किती जुळतं, ते किती जवळ आहे आणि किती नावाजलेलं आहे. अंतर तुमच्या हातात नाही. जुळणं बऱ्याच अंशी प्रकारावर अवलंबून असतं, आणि नावाजण्यात रिव्ह्यू येतात.

घरून डबे पुरवणाऱ्या ताईंनी मात्र पत्ता दाखवू नये. त्यांनी पत्ता लपवून ‘सेवा क्षेत्र’ निवडावं. गावं किंवा भाग मिळून अशी वीसपर्यंत नावं देता येतात.

वेळ भरताना दुपारची सुट्टी आणि आठवड्याची सुट्टी खरी लिहा. सणाच्या वेगळ्या वेळांची सोयही आहे. दसऱ्याला हल्लाबोलच्या मिरवणुकीमुळे नांदेडला रस्ते बंद असतील, तर त्या दिवसाची वेळ आदल्या रात्री बदलून ठेवलेली बरी. ‘चालू आहे’ असं वाचून आलेला माणूस बंद शटर बघतो आणि तिथल्या तिथं एक तारा देतो.

खात्रीचा व्हिडिओ

दुकान खरंच आहे आणि ते तुमचंच आहे, हे सिद्ध करावं लागतं. कोणाला फोनवर कोड येतो, कोणाला ईमेलवर, पण आता बऱ्याच जणांना व्हिडिओ मागितला जातो. कुठली पद्धत मिळणार हे गूगल ठरवतं.

व्हिडिओ न थांबवता एका दमात घ्यायचा, किमान अर्ध्या मिनिटाचा, आणि कापाकापी न करता. त्यात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत. पहिली जागा: रस्त्यावर उभं राहून शेजारच्या दुकानांच्या पाट्या दाखवा. दुसरी दुकान: आपली पाटी, मग आत येऊन मांडलेली भांडी. तिसरी ताबा: किल्लीनं कुलूप उघडणं, गल्ला उघडणं, पोटमाळ्यावरचा माल दाखवणं, म्हणजे जे गिऱ्हाईक करू शकत नाही ते. सकाळी दुकान उघडतानाच मोबाइल चालू केला तर तिन्ही आपोआप येतात. माणसांचे चेहरे, आधार कार्ड, बँकेचे कागद दाखवू नयेत. तपासणीला पाच कामाचे दिवस लागू शकतात. नाकारलं तर बहुतेकदा पाटीवरचं नाव नोंदीशी जुळत नसतं, किंवा व्हिडिओ थेट आतूनच सुरू झालेला असतो आणि रस्ता दिसतच नाही.

रिव्ह्यू कसा मागायचा

नोंद चालू झाली की Ask for reviews मध्ये एक लिंक आणि क्यूआर कोड मिळतो. कोड छापून गल्ल्याशेजारी लावावा, आणि बिल व्हॉट्सॲपवर पाठवत असाल तर खाली लिंक जोडावी. मागताना एवढंच म्हणायचं, ‘‘दादा, भांडी वापरून बघा आणि कशी वाटली ते गूगलवर लिहा. चांगलं-वाईट जे असेल ते.’’ शेवटचे चार शब्द महत्त्वाचे आहेत. खूश दिसणाऱ्यालाच लिंक देणं आणि कुरकुर करणाऱ्याला गप्प घालवणं गूगलच्या नियमात बसत नाही.

रिव्ह्यूच्या बदल्यात सूट, चमचा, वाटी काही देऊ नये. पाच तारे दाखवा आणि दहा टक्के घ्या, असा कागद काचेवर चिकटवणं म्हणजे नियम मोडल्याचा पुरावा स्वतःच लावणं आहे. भाच्यानं, नोकरानं किंवा स्वतः लिहिलेलेही चालत नाहीत. पकडलं गेलं तर रिव्ह्यू उडतात, काही काळ नवे घेणं बंद होऊ शकतं, आणि बनावट रिव्ह्यू काढले असल्याची सूचना नोंदीवर लागू शकते. भारतीय मानक ब्युरोनंही २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं, पण ते ऐच्छिक आहे.

बनावट ढीग ओळखायला फारसं डोकं लागत नाही. एकाच आठवड्यात पंचवीस पाच-तारे, सगळ्यांत ‘बेस्ट शॉप, नाइस सर्व्हिस’, आणि लिहिणाऱ्यांनी त्याआधी कधी काहीच लिहिलेलं नाही. परक्या गावातलं गिऱ्हाईकही हे ओळखतं. उलट ‘पितळी पातेल्याला कल्हई करून दिली, दोन दिवस लागले’ असं लिहिलेला एक रिव्ह्यू त्याला दुकानाबद्दल काहीतरी सांगतो.

म्हणून रोज एक-दोघांना विचारावं आणि महिन्याला चार-पाच आले तरी समाधान मानावं. हिशोब असा. दहा जणांनी पाच तारे दिले आणि अकराव्यानं एक दिला, तर सरासरी ४.६ वर येते. साठ जणांनी पाच दिल्यावर तोच एक तारा आला तर ४.९ राहते.

एक तारा आला तर

समजा कोणी लिहिलं, ‘कुकरची रिंग आठ दिवसांत सैल झाली, बदलून द्यायला टाळाटाळ केली.’ आधी बिलबुक बघा आणि पोराला विचारा. मग त्याच्याखाली असं लिहा: ‘‘तुम्ही आलात तेव्हा त्या मापाची रिंग दुकानात नव्हती, हे खरं आहे. आता आली आहे. सकाळी अकरानंतर कधीही या, बिल नसलं तरी बदलून देऊ.’’ हे उत्तर त्या माणसाला कळतंच, पण ते खरं तर पुढच्या पन्नास वाचणाऱ्यांसाठी असतं. गिऱ्हाइकाचं नाव-गाव, फोन किंवा त्यानं काय खरेदी केलं याचा जास्तीचा तपशील उत्तरात आणू नये. पुष्कळदा रिंग बदलून मिळाल्यावर माणूस आपणहून तारे वाढवतो, पण तशी अट घालून रिंग देऊ नये.

रिव्ह्यू काढायला लावणं वेगळं. नुसता वाईट आहे म्हणून तो निघत नाही. शिवीगाळ असेल, दुसऱ्याच दुकानाबद्दल लिहिलं असेल, किंवा स्पर्धकानं टाकला असेल, तर रिव्ह्यूशेजारचे तीन ठिपके दाबून तक्रार करावी आणि कारणाचा योग्य पर्याय निवडावा. निकालाला काही दिवस लागतात, आणि तक्रार मान्य झाली नाही तर एकदा अपील करता येतं. तोवर त्याच्याखाली शांतपणे एवढंच लिहावं, की या नावाचं बिल आमच्याकडे सापडत नाही, कृपया दुकानात येऊन भेटा.