दोराला हात लावण्याआधी

क्रीडादिनाच्या भाषणात संयोजकांनी सगळ्या संघांना मनापासून शाबासकी द्यावी. पण रस्सीखेच सुरू होण्याआधी एक सूचना ठणकावून सांगायलाच हवी: दोर हाताला गुंडाळू नका. ताण आला की वेढा आवळतो, हात सोडवता येत नाही. १९९७ साली तैपेईत मोठ्या रस्सीखेचीत दोर तुटला आणि दोघांचे हात तुटले. नायलॉनचा दोर ताणला जातो, तुटल्यावर चाबकासारखा उलटतो, तो टाळावा. कुठलाही दोर आधी हाताने चाचपून झिजलेली जागा शोधावी.

खिलाडूवृत्तीही इथेच दिसते. मुद्दाम खाली बसणं हा फाऊल आहे. त्याहून वाईट म्हणजे हरताना दोर एकदम सोडणं, कारण समोरचे सगळे पाठीवर आपटतात. पंचांची शिटी होईपर्यंत दोर धरून ठेवायचा.