‘३१ मार्चपर्यंत १५ टक्के सूट’ म्हणजे नेमकं किती?

दहावीची परीक्षा तोंडावर आली की लातूरच्या ट्यूशन एरियात आणि पुण्याच्या पेठांमध्ये अकरावी-बारावीच्या क्लासेसचे फलक झळकू लागतात. ‘आत्ताच प्रवेश घ्या, फीमध्ये १५ टक्के सूट’ ही ओळ सगळीकडे सारखीच, फक्त तारीख वेगळी. सूट देण्यात काही गैर नाही. क्लासला मुलं किती येणार याचा अंदाज लवकर येतो, शिक्षक आणि वर्ग ठरवता येतात, त्या सोयीचा मोबदला पालकाला मिळतो. भानगड होते ती फलकावर न लिहिलेल्या गोष्टींची.

एक हिशोब मांडून पाहू. दोन वर्षांच्या कोर्सची फी १,२०,००० रुपये. १५ टक्के सूट म्हणजे १८,००० वजा, उरले १,०२,०००. पालक एवढीच रक्कम घेऊन काउंटरवर जातात आणि पावती होते १,२०,३६० रुपयांची, कारण खासगी कोचिंगवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो १८,३६० होतो. सूट मिळूनही मूळ आकड्यापेक्षा ३६० रुपये जास्तच गेले! यात फसवणूक आहेच असं नाही. सूट नसती तर करासह १,४१,६०० भरावे लागले असते. पण फलकावर करासहित रक्कम छापली असती तर काउंटरवर तोंड पडलं नसतं. जीएसटी नोंदणी नसलेल्या लहान क्लासने मात्र हा कर लावायचाच नसतो. तेव्हा पावतीवर जीएसटी क्रमांक आहे का, एवढं बघावं.

स्कॉलरशिप टेस्टमधली २० टक्के आणि लवकर प्रवेशाची १० टक्के अशा दोन सवलती एकत्र आल्या की पालक ३० टक्के धरून चालतात. क्लास बहुतेकदा दुसरी सवलत उरलेल्या रकमेवर देतो, म्हणजे प्रत्यक्षात २८ टक्केच. कुठलीही पद्धत चालेल, पण ती आधी लिहिलेली असावी.

आता तारीख. ‘३१ मार्चपर्यंत’ म्हणजे त्या दिवशी नाव नोंदवायचं, पहिला हप्ता भरायचा की पूर्ण फी? चेक दिल्याची तारीख धरायची की वटल्याची? रात्री साडेअकराला यूपीआय केलं आणि पैसे मध्येच अडकले तर? माझ्या मते खात्यातून पैसे निघाल्याची वेळ धरावी. शेवटचा दिवस रविवार किंवा बँकेची सुट्टी असेल तर पुढचा कामाचा दिवस द्यावा. आणि ही तारीख दहावीचा शेवटचा पेपर होऊन निदान आठवडा उलटल्यावरची असावी. पेपर चालू असताना ‘उद्या शेवटचा दिवस’ असे फोन करणाऱ्या क्लासला मुलाच्या अभ्यासाची किती काळजी, हे वेगळं सांगायला नको. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने राज्यांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, प्रवेश माध्यमिक शालान्त परीक्षेनंतरच व्हावा, असं म्हटलं आहे.

‘फक्त ५ जागा शिल्लक’ हे खरं असेल तर खुशाल लिहावं. खोटी घाई लावणं मात्र नियमात बसत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत जागा कमी असल्याचा बनाव करून दबाव आणायला मनाई आहे.

सगळ्यात महत्त्वाची अट असते परताव्याची, आणि तीच सगळ्यात बारीक अक्षरात. समजा, वरच्याच कोर्समधून मूल २४ पैकी ६ महिन्यांनी बाहेर पडलं. कर बाजूला ठेवू. भरलेल्या १,०२,००० मधले उरलेल्या १८ महिन्यांचे ७६,५०० परत मिळायला हवेत. काही क्लास म्हणतात, ‘कोर्स सोडला की सूट रद्द.’ मग ते सहा महिन्यांचे पैसे मूळ १,२०,००० च्या दराने, म्हणजे ३०,००० कापतात आणि हाती ७२,००० ठेवतात. साडेचार हजारांचा हा फरक पालकाच्या लक्षातही येत नाही. मंत्रालयाच्या सूचना सरळ आहेत: पूर्ण फी भरलेला विद्यार्थी मध्येच गेला तर भरलेल्या फीतून उरलेल्या काळाची रक्कम दहा दिवसांत परत द्यावी. ‘फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ ही ओळ दिसली तर सही करण्याआधीच प्रश्न विचारावा, आणि उत्तर लेखी घ्यावं.

अशी सूचना लिहायला चार ओळी पुरतात:

‘कोर्स फी १,२०,००० रु.; ३१ मार्च रात्री १२ पर्यंत पहिला हप्ता ४०,००० रु. (करासहित) भरल्यास १,०२,००० रु.; १८ टक्के जीएसटीसह एकूण १,२०,३६० रु. पुस्तकं आणि चाचण्या यातच. इतर सवलत यासोबत मिळणार नाही. प्रवेश रद्द केल्यास प्रत्यक्ष भरलेल्या फीतून उरलेल्या महिन्यांची रक्कम दहा दिवसांत परत.’

एवढं लिहून झाल्यावर क्लासने तारीख पाळावी. जागा भरल्या नाहीत म्हणून १ एप्रिलला ‘लोकाग्रहास्तव १५ तारखेपर्यंत मुदतवाढ’ लावली की मार्चमध्ये पैशांची ओढाताण करून भरणारा पालक चिडतो, आणि पुढच्या वर्षी त्या तारखेवर कोणी विश्वास ठेवत नाही. वाढवायचीच असेल तर एप्रिलची सूट ८ टक्क्यांवर आणावी. पालकांनी मात्र फलकाचा फोटो काढून पावतीसोबत ठेवावा. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करताना तो उपयोगी पडतो.