पहिलं पुस्तक: प्रकाशकाकडे द्यावं की स्वतः काढावं?
डोंबिवलीतल्या एका शिक्षिकेचा बालकथासंग्रह तयार आहे आणि हाताशी १५,००० रुपये आहेत, असं समजा. खर्च स्वतः करून रॉयल्टी देणारा प्रकाशक मिळाला तर उत्तमच. पण प्रकाशकानेच छपाईचे पैसे मागितले, तर ते स्वप्रकाशनच झालं, नाव तेवढं त्याचं! मग हिशेब करून बघा. २०० प्रती, प्रत्येकी ७५ रुपये छपाई, किंमत १५०. विक्रेत्याने ४० टक्के घेतले की ९० उरतात. म्हणजे १६७ प्रती खपल्यावर मुद्दल सुटतं. तेवढे वाचक दिसत नसतील तर डिजिटल छपाईने ५०च काढा. प्रत महाग पडते, पण घरात गठ्ठे साचत नाहीत. मात्र त्याआधी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेकडे हस्तलिखित पाठवून पाहा. निकालासाठी थांबायची तयारी हवी.