धनस्थानातली वाणी

कुंडलीतल्या दुसऱ्या घराला धनस्थान म्हणतात, पण परंपरेने ते कुटुंबस्थान आणि वाक्‌स्थानही आहे. बालपणीचे घर, तिथले वळण आणि त्यातून घडणारी बोलण्याची रीत ज्योतिषी इथेच पाहतात.

वाचनाचा क्रम ठरलेला आहे: आधी घरातली रास आणि ग्रह, मग राशीचा स्वामी, त्यावरच्या दृष्टी, शेवटी वाणीचा कारक बुध.

समजा, कर्क लग्न आहे. दुसऱ्या घरात सिंह रास, तिथे शनी. परंपरेनुसार याचा अर्थ कडक शिस्तीचे घर आणि मोजके, काहीसे रुक्ष बोलणे. मात्र सिंहेचा स्वामी रवी दशमात मेषेत उच्चीचा आहे. सोबतच्या गुरूची पाचवी दृष्टी शनीवर पडते. बुध लाभात वृषभेत, मित्रराशीत आहे. म्हणून निष्कर्ष बदलतो: बोलणे कमी, पण विचारपूर्वक आणि वजनदार, घरची शिस्त संस्कार ठरते.

एकट्या शनीवरून ‘कटू वाणी’ ठरवणे ही नेहमीची चूक. शिवाय लग्नरास सुमारे दोन तासांनी बदलते. जन्मवेळ संशयास्पद असेल तर हे घरच बदलते. हे सारे परंपरेचे वाचन आहे, विज्ञानाने सिद्ध झालेले नाही. मुलाच्या उशिरा बोलण्याचे कारण मात्र डॉक्टरांकडेच शोधावे.