परिचयात दुसऱ्याचं वाक्य कधी घ्यावं?

समजा, एक स्वतंत्र अनुवादक कामासाठी आपला शंभरेक शब्दांचा परिचय लिहिते आहे. औषधांची माहितीपत्रकं ती मराठीत आणते. एका जुन्या ग्राहकाच्या मेलमध्ये तिला तीन वाक्यं सापडतात: ‘तुमचं काम नेहमीच उत्तम असतं. भाषा ओघवती आहे. लहान मुलांच्या डोसचा आमच्याकडून चुकलेला आकडा तुम्ही छपाईआधी दाखवून दिलात, म्हणून निभावलं.’ यातलं परिचयात कोणतं घ्यावं?

मोह होतो तो पहिल्या दोन वाक्यांचा, कारण त्यांत कौतुक आहे. पण तिच्या जागी दुसऱ्या कुणाही अनुवादकाचं नाव घातलं, तरी ती तशीच लागू पडतात. म्हणून वाचणारा ती ओलांडून पुढे जातो. तिसऱ्या वाक्यात मात्र घडलेली गोष्ट आहे. शिवाय ‘मी मूळ मजकुरातल्या चुकाही पकडते’ हे तिनं स्वतः म्हटलं तर ती बढाई वाटेल. ज्याचं नुकसान टळलं त्यानं म्हटलं, तर तो पुरावा ठरतो.

पुरावा कशाचा, हे बोलणाऱ्यावर ठरतं. कामाचा उपयोग काय झाला, हे ग्राहक सांगू शकतो. घाईच्या दिवसांत माणूस कसा वागतो, हे सहकारी जाणतो. म्हणून वाक्याखाली नाव, हुद्दा आणि संस्था हवी. ‘एका नामांकित कंपनीचे अधिकारी’ एवढंच लिहिलं, तर वाचक ते पडताळून पाहू शकत नाही. बोलणारा नातेवाईक असेल आणि ते दडवलं असेल, तर कळल्यावर सगळ्याच परिचयावरचा विश्वास उडतो.

एवढ्या छोट्या परिचयात असं एकच वाक्य पुरे, तेही दहा-पंधरा शब्दांचं. ज्या कामाचा उल्लेख आहे, त्याच्या लगेच नंतर ते यावं. शब्द गाळले तर तिथे टिंबं द्यावीत. आपले शब्द घालू नयेत. अनुवादित पुस्तकांची नावं किंवा पुरस्कार अशी सहज तपासता येणारी माहिती असेल, तर तिला कौतुकाची जोड लागत नाही. वकिलांनी असा अभिप्राय वापरण्याआधी नियम पाहावेत, कारण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार त्यांना जाहिरात करून काम मिळवता येत नाही.

आता खरी अडचण. त्या तिसऱ्या वाक्यात ग्राहकाची चूक उघड होते. म्हणून ते जसं छापायचं तसंच, नावासकट त्याला पाठवून लेखी होकार घ्यायला हवा. ‘चुकलेला आकडा’ त्याला नको असेल, तर नवं वाक्य त्यानंच लिहून द्यावं. तो नाही म्हणाला, तर नाव झाकून तेच वाक्य वापरू नये. तिनं आपल्याच शब्दांत लिहावं: ‘अनुवादाबरोबर मूळ मजकुरातले डोस आणि आकडेही तपासून देते.’ यात कौतुक नाही, पण पहिल्याच कामात ग्राहकाला याची खात्री करून घेता येते.