पाच प्रकल्प, त्यांतले पूर्ण किती?

‘एसएपी एमएम कन्सल्टंट हवा. अनुभव 6 ते 8 वर्षे. किमान दोन फुल सायकल इम्प्लिमेंटेशन, त्यांतले एक एस फोर हानावर. वाहन किंवा सुटे भाग उद्योगाची माहिती आवश्यक. क्लायंटशी थेट काम करावे लागेल.’ पुण्यातल्या कन्सल्टिंग कंपन्यांच्या जाहिराती साधारण अशाच असतात. एमएम म्हणजे मटेरियल्स मॅनेजमेंट, कंपनीची खरेदी आणि साठा सांभाळणारे मोड्यूल. एस फोर हाना ही एसएपीची 2015 साली आलेली आवृत्ती. आधीच्या ईसीसीचा नियमित मेंटेनन्स 2027 अखेर संपवण्याचे कंपनीने जाहीर केले आहे, त्यामुळे कारखाने एकामागून एक नव्या आवृत्तीकडे वळत आहेत आणि माणसांना मागणी आहे.

या जाहिरातीला आलेला एक रेझ्युमे उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणू. अनुभव सात वर्षे. पहिल्याच परिच्छेदात ‘पाच एंड टू एंड प्रकल्प’. मोड्यूलच्या रकान्यात एमएम, त्याला लागून डब्ल्यूएम, एसडी, पीपी आणि ‘फायको इंटिग्रेशन’. शेवटी ‘उत्तम संवादकौशल्य, क्लायंट हँडलिंग’. वरवर पाहता जाहिरातीतला प्रत्येक शब्द इथे सापडतो. निवड करणारा प्रोजेक्ट मॅनेजर मात्र शब्द बाजूला ठेवून आधी तारखा वाचतो.

पहिला प्रकल्प तीन वर्षांचा आहे, पण खालच्या कामांत सगळीकडे ‘तिकिटे सोडवली’ असेच लिहिले आहे. म्हणजे तो सपोर्ट. दुसरा सात महिन्यांचा. त्यात कॉन्फिगरेशन आणि टेस्टिंग आहे, गो लाइव्हचा उल्लेख नाही. तिसरा रोलआउट: मुख्य कारखान्यात तयार झालेला साचा दुसऱ्या कारखान्यात बसवला. चौथा ईसीसीवरून एस फोर हानावरचे कन्व्हर्जन. पाचवा अजून चालू आहे. फुल सायकलचा अर्थ या धंद्यात ठरलेला आहे. एसएपीच्या ॲक्टिव्हेट पद्धतीनुसार प्रकल्पाची तयारी होते, मग एक्स्प्लोरमध्ये क्लायंटसोबत बसून कुठली प्रक्रिया स्टँडर्डमध्ये बसते ते ठरवले जाते, रिअलाइझमध्ये ती बांधून तपासली जाते, डिप्लॉयमध्ये जुनी प्रणाली बंद करून नवी चालू केली जाते आणि त्यानंतरचे काही आठवडे हायपरकेअर चालते. एक्स्प्लोरपासून हायपरकेअरपर्यंत माणूस त्याच प्रकल्पावर असेल तर ती एक सायकल. या हिशेबाने पाचांतली खात्रीची सायकल एकच निघते, कन्व्हर्जनची. आणि तीही त्या काळात तो शेवटपर्यंत तिथेच होता असे धरले तर. रोलआउट अर्धे मोजले जाते, कारण मूळ निर्णय दुसऱ्यांनी आधीच घेतलेले असतात.

सपोर्टचा अनुभव कमी दर्जाचा, असा समज उमेदवारांत असतो आणि म्हणून ते त्याला ‘इम्प्लिमेंटेशन’चा मुखवटा चढवतात. तो समज चुकीचा आहे. तीन वर्षे तिकिटे सोडवणाऱ्याला प्रणाली कुठे मोडते ते नेमके ठाऊक असते. फक्त ते रेझ्युमेत दिसायला हवे.

मोड्यूलची खोली इथेच कळते. या रेझ्युमेत ‘सबकॉन्ट्रॅक्टिंग कॉन्फिगर केले’ अशी एक ओळ आहे. सुट्या भागांच्या कारखान्यात ही ओळ वजनदार असते, कारण माल हीट ट्रीटमेंटला किंवा प्लेटिंगला सतत बाहेर जात असतो. समजा, चाकणच्या कारखान्याने भोसरीच्या जॉबवर्करकडे 1000 शाफ्ट पाठवले. एसएपीत 541 ही मूव्हमेंट टाकली की ते शाफ्ट ‘व्हेंडरकडचा साठा’ म्हणून दिसू लागतात. मालकी कारखान्याचीच राहते. परत 970 आले. `MIGO` मध्ये आवक नोंदवताना प्रणाली 543 ने तेवढ्याच शाफ्टचा वापर आपोआप दाखवते. उरलेले 30 भट्टीत बिघडून भंगारात गेले, पण तसे कुणी नोंदवले नाही, तर ते जॉबवर्करच्या नावावर कागदोपत्री पडून राहतात. असे महिनोन् महिने साचते आणि वर्षअखेरच्या मोजणीत पोत्याने फरक निघतो. शिवाय जीएसटी कायद्यानुसार जॉबवर्कला दिलेला कच्चा माल साधारणपणे एका वर्षात परत यावा लागतो, नाहीतर तो पुरवठा धरून कर लागतो. म्हणजे ते 30 शाफ्ट केवळ स्टोअर्सची कटकट राहत नाहीत.

मुलाखतीत नेमका हाच प्रश्न येतो: या तीसचे काय कराल? जास्तीचा वापर सब्सिक्वेंट ॲडजस्टमेंटने दाखवायचा की व्हेंडरकडच्या साठ्यातून स्क्रॅप करायचा, आणि नुकसान कुणाच्या खात्यावर, हे सांगता आले तर उमेदवाराला एमएमही येते आणि फायनान्सशी त्याची गाठ कुठे पडते तेही कळते. मग ‘फायको इंटिग्रेशन’ वेगळे लिहायची गरज उरत नाही. उलट एस फोर हानाचा अनुभव सांगून व्हेंडर `XK01` मध्ये बनवतो म्हणणारा तिथेच उघडा पडतो, कारण या आवृत्तीत व्हेंडर बिझनेस पार्टनर म्हणून, `BP` मध्येच बनतो.

सायकल पूर्ण केली आहे का, हेही याच जॉबवर्करवरून पारखता येते. कटओव्हरच्या दोन-तीन दिवसांत जुन्या प्रणालीतला साठा नव्या प्रणालीत 561 ने चढवला जातो. गोदामातला माल सगळ्यांना आठवतो. जॉबवर्करकडे पडलेला माल वेगळा स्पेशल स्टॉक म्हणून चढवावा लागतो आणि तो सहज राहून जातो. मग गो लाइव्हनंतर पहिलीच आवक नोंदवताना प्रणाली साठा अपुरा असल्याचा एरर देते. ज्याने कटओव्हर केला आहे तो उमेदवार हा मुद्दा न विचारता सांगतो. ज्याने केलेला नाही तो ‘डेटा मायग्रेशन टीमकडे होते’ म्हणतो.

क्लायंट हँडलिंग कागदावर दाखवणे सर्वांत अवघड. ‘उत्तम संवादकौशल्य’ या शब्दांना वाचणारा काहीच किंमत देत नाही. स्टोअर्सचे साहेब म्हणतात, आमचे चलन रजिस्टर वीस वर्षे असेच आहे, स्क्रीनही अगदी तशीच द्या. हो म्हटले तर वेगळा प्रोग्रॅम लिहावा लागतो, पुढे प्रत्येक अपग्रेडला तो तपासावा लागतो. नाही म्हटले तर स्टोअर्स असहकार करते. जाणता कन्सल्टंट त्यांच्याच आठवडाभराची चलने स्टँडर्ड रिपोर्टमध्ये काढून दाखवतो, खरोखर कमी पडणारा एखादा रकाना मान्य करतो आणि त्यावर सही घेतो. रेझ्युमेत हे असे उतरते: ‘स्टोअर्स व खरेदी विभागांसोबत फिट टू स्टँडर्ड कार्यशाळा घेतल्या, 14 मागण्यांपैकी 9 स्टँडर्डमध्ये बसवल्या, 5 ची फंक्शनल स्पेसिफिकेशन लिहून मंजुरी घेतली.’ क्लायंटचे नाव गोपनीयतेच्या करारामुळे द्यायचे नसेल तर उद्योग, कारखान्यांची संख्या आणि वापरकर्त्यांचा आकडा पुरतो.

आता तोच रेझ्युमे प्रामाणिकपणे लिहिला तर? एक सपोर्ट, एक अर्धवट इम्प्लिमेंटेशन, एक रोलआउट, एक पूर्ण कन्व्हर्जन, एक चालू. एसडी आणि पीपी काढून टाकले, एमएमखाली सबकॉन्ट्रॅक्टिंग, खरेदी मंजुरी आणि साठ्याचे अकाउंट डिटर्मिनेशन सविस्तर आले. जाहिरातीतली दोन सायकलींची अट तो काटेकोरपणे पुरी करत नाही. तरी मॅनेजर त्याला फोन करेल, कारण एस फोर हाना आणि सुट्या भागांचा उद्योग या दोन अडचणीच्या अटी इथे जुळतात. लीडची जागा मिळणार नाही, वरिष्ठाच्या हाताखाली एमएमची मिळेल. ‘पाच एंड टू एंड’वाल्या मूळ रेझ्युमेलाही फोन गेला असता. फरक एवढाच, की तेव्हा पहिला प्रश्न शाफ्टचा नसता, दुसऱ्या प्रकल्पातून सात महिन्यांत बाहेर का पडलात, हा असता.