एक्स्पायरीचं कपाट आणि तीस मिनिटं

औषधांच्या घाऊक विक्रेत्याच्या गोडाऊनमध्ये एक कपाट असतं, त्याकडे बघायला कुणालाच आवडत नाही. मुदत संपलेली औषधं त्यात पडून असतात. किरकोळ दुकानदारांनी परत पाठवलेल्या पट्ट्या, अर्धवट खोकी, गळकी सिरपं. धंद्यात त्याला 'ब्रेकेज-एक्स्पायरी' म्हणतात. हा माल विकता येत नाही, पण फेकूनही चालत नाही. कंपनीकडे क्लेम लावून त्याची क्रेडिट नोट मिळवायची असते.

सांगलीतल्या एका स्टॉकिस्टकडे सॉफ्टवेअर दाखवायला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा या कपाटाला पाठ करून बसलो होतो. औषधांच्या खोक्यावर लॅपटॉप, समोर शेठ, शेजारी हिशेब बघणाऱ्या मॅडम. मी मेनूतल्या पहिल्या खिडकीपासून सुरुवात केली. खरेदी, विक्री, उधारी, जीएसटीचे रिपोर्ट, एसएमएस, सेल्समनचं मोबाइल ॲप. ॲपवरच सात मिनिटं गेली, कारण ते आमचं नवं कौतुक होतं. बाराव्या मिनिटाला शेठ फोन घेऊन बाहेर गेले. परत आल्यावर म्हणाले, "छान आहे साहेब, सगळंच आहे की यात. कळवतो." नंतर त्यांनी काही कळवलं नाही.

'सगळंच आहे' ही दाद नव्हती, हे कळायला मला बराच काळ लागला. ज्याला स्वतःच्या कामाचं काही दिसलं नाही, तो माणूस सौजन्याने असंच म्हणतो.

अशा फेरफटक्याला पीटर कोहन या अमेरिकी प्रशिक्षकाने 'हार्बर टूर' असं नाव दिलंय. गेटवेवरून सुटणाऱ्या लाँचमध्ये बसल्यावर उजवीकडे हे, डावीकडे ते ऐकायला मजा येते, कारण आपण फिरायलाच आलेलो असतो. पण ज्याला अलिबागला वेळेत पोचायचंय, त्याला त्याच लाँचमध्ये बसवून बंदराला चक्कर मारलीत तर तो वैतागेल. कोहनचा सल्ला उलट्या दिशेचा आहे : जे शेवटी दाखवायचं तेच आधी दाखवा. ऐकायला सोपं वाटतं. अवघड भाग असा, की शेवट कोणता हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं, ते घेणाऱ्याकडूनच काढून घ्यावं लागतं.

साडीच्या दुकानातला मुरलेला विक्रेता गठ्ठा सोडण्याआधी विचारतो, "स्वतःला नेसायला, की आहेराला?" त्या एका प्रश्नाने निम्मी मांडणी कपाटातच राहते. आम्ही सॉफ्टवेअरवाले मात्र गाठोडं सोडूनच बसतो.

आठ महिन्यांनी त्याच शेठना दुसऱ्यांदा भेटायची संधी मिळाली. या वेळी चार दिवस आधी वीस मिनिटं फक्त फोनवर बोललो. 'तुम्हाला काय हवंय' असं विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर 'चांगलं सॉफ्टवेअर' असंच येतं. विचारलं, "मागचा एक्स्पायरी क्लेम कधी पाठवलात? त्याचं काय झालं?" मग बांध फुटला. वर्षभरात साडेसहा लाखांचे क्लेम लावले होते, त्यातले एक लाख चाळीस हजारांचे नाकारले गेले. कारणं दोनच. काही क्लेम उशिरा गेले. प्रत्येक कंपनीची माल परत घेण्याची मुदत वेगळी आणि त्यांच्याकडे साठेक कंपन्या. आणि काही औषधांची बॅच त्यांच्याकडून विकली गेलेलीच नव्हती. दुकानदाराने दुसऱ्या स्टॉकिस्टकडून घेतलेला माल यांच्या माथी मारला होता. "परत आलेलं खोकं घेताना पोरगं बॅच बघत नाही," शेठ म्हणाले, "आणि कंपनी मात्र बघते."

मग मी आणखी दोन गोष्टी विचारल्या. हे काम कोण करतं? मॅडम, महिन्याचे तीन-चार दिवस. आणि काय दिसलं तर तुम्ही म्हणाल की काम झालं? शेठ थोडं थांबून म्हणाले, "कुठल्या कंपनीचा क्लेम या आठवड्यात गेलाच पाहिजे, एवढं सकाळी कळलं तरी पुरे." या वाक्यात प्रात्यक्षिकाचा शेवटचा पडदा तयार मिळाला होता. मला फक्त तो पहिला लावायचा होता.

नील रॅकहॅम या ब्रिटिश संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह बारा वर्षांत सुमारे ३५,००० विक्रीभेटींचा अभ्यास केला आणि १९८८ मध्ये 'स्पिन सेलिंग' हे पुस्तक लिहिलं. मोठ्या खरेदीत नुसती वैशिष्ट्यं सांगून फारसं साधत नाही, आणि गरज उघड होण्याआधीच उपाय पुढे केला की समोरून हरकती येतात, असं त्यात दिसतं. आपण या हरकतींना 'गिऱ्हाईक चिकट आहे' असं नाव देऊन मोकळे होतो. पुष्कळदा न मागितलेल्या गोष्टीची किंमत आपल्यावर पडतेय, एवढंच त्या गिऱ्हाइकाला वाटत असतं.

त्या चार दिवसांत तयारी केली ती माहितीची. शेठकडून नाकारलेल्या दोन क्लेमची पत्रं मागवली, दुकानदारांची नावं झाकून. आमच्या नमुना कंपनीत नेहमी 'एबीसी फार्मा' आणि 'टॅब्लेट १' असला पोरकट माल भरलेला असायचा. तो काढून त्यांच्याकडे खरोखर चालणाऱ्या औषधांच्या चाळीसेक बॅच भरल्या. एका दुकानाकडून परत आलेल्या अकरा औषधांची नोंद करायचं ठरवलं आणि त्यात मुद्दाम दोन खडे ठेवले : एक बॅच शेठनी न विकलेली, आणि एक औषध ज्याची क्लेमची मुदत नऊ दिवसांत संपतेय. नेट बंद पडलं तर म्हणून सगळं लॅपटॉपवरच चालेल असं केलं. ही शेवटची खबरदारी गोडाऊनमध्ये जाणाऱ्याने घ्यावीच. जाड भिंती आणि लोखंडी मांडण्या यांच्यामध्ये मोबाइलची रेंज हमखास मरते.

पहिली तीन मिनिटं पडदा बंदच ठेवला. फोनवर जे ऐकलं ते त्यांच्याच आकड्यांत परत सांगितलं आणि विचारलं, "यात काही बदललंय का?" मॅडम म्हणाल्या, "एक लाख चाळीस नाही, आता एक साठ झालेत." ती दुरुस्ती मला कुठल्याही स्तुतीपेक्षा मोलाची वाटली, कारण आता अडचण माझ्या तोंडून नाही, त्यांच्या तोंडून मांडली गेली होती.

चौथ्या मिनिटाला एकच पडदा उघडला. कंपन्यांची यादी, प्रत्येकीपुढे क्लेमची रक्कम आणि उरलेले दिवस. सर्वांत वर, लाल अक्षरांत, नऊ दिवसवाली. मी काही बोललो नाही. इथे गप्प राहणं हे या धंद्यातलं सगळ्यात कठीण काम आहे, हात शिवशिवत असतात पुढचं बटण दाबायला. शेठनी चष्मा वर केला आणि विचारलं, "हे दिवस कोण मोजतंय?"

आता मागे जायला कारण मिळालं होतं. पुढची दहा मिनिटं फक्त त्या यादीपर्यंतची वाट दाखवली : दुकानाचं परत आलेलं खोकं, औषध आणि बॅचची नोंद, कंपनीनुसार आपोआप वाटणी, क्लेमचं पत्र. अकरापैकी तीन औषधं मी भरली आणि मग लॅपटॉप मॅडमकडे सरकवला. पाचव्या औषधाला पडद्यावर सूचना आली की ही बॅच या दुकानाला विकलेली नाही. मॅडमनी शेठकडे बघितलं, शेठनी गोडाऊनच्या पोराकडे. तिथे माझी गरज नव्हती.

वाटेत फाटे फुटतातच. शेठनी मध्येच विचारलं, "सेल्समनसाठी ॲप आहे का?" मागच्या खेपेला मी याच खड्ड्यात पडलो होतो. या वेळी म्हणालो, "आहे. कशासाठी हवंय?" "नाही, असंच," असं उत्तर आलं आणि वीस सेकंदांत आम्ही परत वाटेवर आलो. त्यांनी खरी गरज सांगितली असती, तर ती कागदावर टिपून शेवटी घेतली असती. प्रश्न टाळायचा नसतो, पण त्याचं मूळ कळण्याआधी मेनूही उघडायचा नसतो.

सोळाव्या मिनिटाला माझं दाखवून झालं होतं. नवख्या माणसाला इथे भीती वाटते की अर्धा तास दिलाय आणि निम्माच वापरला. उरलेला वेळ त्यांचा असतो. मॅडमनी विचारलं की जुन्या मालाच्या बॅच कोण भरणार. हा खरा, बोचरा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर आकर्षक नव्हतं : जुनी विक्री आमच्या नमुन्यात आणायला त्यांच्याच माणसाचे चार-पाच दिवस जाणार होते, आणि ज्या विक्रीत बॅच नीट नोंदलेली नाही तिथे सूचना चुकीची येऊ शकत होती. हे मी तिथेच सांगितलं. उपाय पहिल्याच आठवड्यात उघडा पडणार असेल, तर प्रात्यक्षिकात लपवून काय साधणार?

रंग कुठला चढतोय हे समोरच्याच्या बोलण्यावरून कळतं. 'छान आहे', 'सोपं आहे' अशी विशेषणं येत राहिली तर आपण फेरफटका घडवतोय. 'मागच्या मार्चच्या मालाला हे चाललं असतं का?' असा प्रश्न आला, म्हणजे माणूस मनात ते वापरू लागलाय. पहिल्या दहा मिनिटांत समोरून एकही प्रश्न आला नाही, तर मी आता थांबतो आणि विचारतो की आपण बरोबर गोष्ट बघतोय का.

ही रीत सगळीकडे चालत नाही. सरकारी निविदेत समितीपुढे ऐंशी कलमांची यादी असते आणि प्रत्येकापुढे टिकमार्क करायचा असतो. तिथे क्रमाने ऐंशीही दाखवावी लागतात. प्रदर्शनातल्या स्टॉलवर समोरच्याची अडचण आधी माहीत असणं शक्यच नसतं. आणि फोनवरच्या वीस मिनिटांत कधीकधी कळतं की त्याच्या अडचणीला आपल्याकडे औषध नाही. अशा दोन-तीन भेटी मी रद्द केल्यात, साहेबांची बोलणी खाऊन.

एक धोका उरतोच : एवढंच दाखवलं तर गिऱ्हाइकाला वाटेल की सॉफ्टवेअर एवढंच करतं. म्हणून बाकीच्या सगळ्या गोष्टींची एक पानी यादी मी जाताना ठेवतो. त्या दिवशीही ठेवली. शेठनी ती घडी घालून खिशात टाकली, वाचली नाही. सत्ताविसाव्या मिनिटाला ते उठले, कपाटाकडे गेले आणि एक खोकं काढून खोक्यावर खोकं ठेवत म्हणाले, "सोमवारी माणूस पाठवा. आधी ह्या एका कंपनीचं करून बघू."